देणगीची पावती, आभारपत्र आणि फॉर्म १०-बीई: देणगीदाराला ८०-जी ची वजावट मिळेपर्यंत न्यासाने काय करायचं

देणगी दिल्यानंतर देणगीदाराच्या हाती न्यासाकडून तीन कागद यायला हवेत. पहिला कागद पैसे मिळाल्याची पावती, दुसरा आभाराचं पत्र आणि तिसरा, आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत, फॉर्म १०-बीई हे प्रमाणपत्र. पहिले दोन आपल्याकडचे बहुतेक न्यास मनापासून देतात. तिसरा मागे राहतो, आणि २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकरातली वजावट त्यावरच ठरते. न्यासाने देणग्यांचं विवरणपत्र, म्हणजे फॉर्म १०-बीडी, भरायचं आणि त्यावरून १०-बीई निघतं. त्यातल्या माहितीच्या आधारे देणगीदाराचा दावा मान्य होतो. पूर्वी छापील पावती जोडली की काम भागत असे, आता भागत नाही.

म्हणून पावती लिहितानाच ती पुढे १०-बीडीमधली एक ओळ होणार आहे, हे डोळ्यांसमोर ठेवावं. नाव, पॅन, रक्कम, पैसे कसे आले, कशासाठी आले आणि कोणत्या वर्षात आले, या गोष्टी पावतीवर पक्क्या असतील तर पुढचं काम नकल करण्याइतकं सोपं होतं. त्या कच्च्या असतील तर मे महिन्यात खजिनदाराला एकेका देणगीदाराला फोन करत बसावं लागतं.

हे सगळं एका उदाहरणावरून पाहू. तालुक्याच्या गावातलं एक सार्वजनिक वाचनालय आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली त्याची धर्मादाय कार्यालयात नोंदणी आहे आणि प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०-जी ची मान्यताही आहे. एका निवृत्त शिक्षकांनी पत्नीच्या स्मरणार्थ अभ्यासिकेच्या टेबल-खुर्च्यांसाठी ५१,००० रुपयांचा चेक दिला. तारीख होती २९ मार्च २०२५, शनिवार, पाडव्याचा आदला दिवस.

चेक हातात घेण्याआधी

न्यासाची ८०-जी मान्यता त्या दिवशी चालू आहे का, हे आधी पाहावं. प्राप्तिकर खात्याने २०२१ नंतर सगळ्या जुन्या न्यासांना नव्याने नोंदणी करायला लावली. तेव्हा मिळालेल्या फॉर्म १०-एसी या आदेशावर १६ अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक असतो, त्याला यूआरएन म्हणतात. सुरुवातीला न्यासाचा पॅन असल्याने तो लगेच ओळखता येतो. आदेशावर मान्यतेची मुदतही लिहिलेली असते. नियमित मान्यता पाच वर्षांची आणि तात्पुरती मान्यता तीन वर्षांची असते. जुन्या न्यासांपैकी पुष्कळांची पहिली पाच वर्षं ३१ मार्च २०२६ ला संपली. नूतनीकरणाचा अर्ज त्याआधी सहा महिने करायचा होता. अजून कुठे कुठे पावतीबुकावर वीस वर्षांपूर्वीच्या आयुक्तांच्या आदेशाचा क्रमांक आणि शेजारी 'कायमस्वरूपी' असा शब्द दिसतो. त्या क्रमांकाचा देणगीदाराला आता उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, ही रक्कम खरोखर देणगी आहे का? वाचनालयाची वार्षिक वर्गणी, सभासद शुल्क, अनामत किंवा सभागृहाचं भाडं ही देणगी नव्हे. त्यांच्यासाठी वेगळं पावतीबुक ठेवावं. एकाच बुकात सगळं लिहिलं की वर्षअखेरीला देणग्या वेगळ्या काढताना चूक होतेच.

तिसरी गोष्ट पैसे देण्याच्या पद्धतीची. रोखीने २,००० रुपयांपेक्षा जास्त देणगी दिली तर देणगीदाराला तिच्यावर वजावट मिळत नाही. न्यास ती घेऊ शकतो, पण ही गोष्ट देणाऱ्याला आधीच सांगितली पाहिजे. ५,००० रुपये रोख घेऊन २,०००, २,००० आणि १,००० अशा तीन पावत्या फाडण्याची विनंती कधीकधी होते. ती स्पष्ट नाकारावी. हिशेब तपासणाऱ्याला एकाच दिवशी, एकाच नावाने, लागोपाठ क्रमांकांच्या तीन पावत्या लगेच दिसतात. त्यापेक्षा चेक, बँक हस्तांतर किंवा यूपीआयने रक्कम घ्यावी.

वस्तुरूपाने दिलेल्या देणगीवरही वजावट नाही. पुस्तकं, पंखे, सतरंज्या, तांदळाची पोती, काहीही असो, कायद्याला इथे पैशाची रक्कमच हवी असते. आमच्या शिक्षकांनी सुताराला परस्पर ५१,००० देऊन टेबलं वाचनालयात पाठवली असती, तर खर्च तेवढाच झाला असता आणि वजावट शून्य मिळाली असती. म्हणून रक्कम न्यासाच्या खात्यात घ्यावी आणि खरेदी न्यासाने करावी. वस्तू आलीच तर तिची पोच वेगळ्या पत्राने द्यावी आणि त्या पत्रात ८०-जी चा उल्लेखही करू नये.

पावती

आमच्या उदाहरणातली पावती अशी असेल:

> (न्यासाचं पूर्ण नाव, पत्ता)
> सार्वजनिक न्यास नोंदणी क्र. ______ न्यासाचा पॅन ______
> ८०-जी नोंदणी क्र. (यूआरएन) ______ दिनांक ______
>
> पावती क्र. ______ दिनांक: २९ मार्च २०२५
> देणगीदाराचं नाव (पॅन कार्डाप्रमाणे): ______
> पत्ता: ______ पॅन: ______
> रक्कम: रु. ५१,०००/- अक्षरी रुपये एक्कावन्न हजार फक्त
> चेक क्र. ______ दि. २९ मार्च २०२५, बँक व शाखा ______
> कारण: अभ्यासिकेच्या टेबल-खुर्च्यांसाठी
> आर्थिक वर्ष: २०२४-२५
> चेक वटण्याच्या अधीन.
> खजिनदार / अधिकृत सही, शिक्का

यातल्या काही रकान्यांवर थोडं थांबायला हवं.

नाव पॅन कार्डावर आहे तसंच लिहावं. गावात सगळे 'गुरुजी' म्हणतात आणि पावतीवरही तेच लिहिलं जातं, हे नेहमीचं आहे. स्मरणार्थ दिलेल्या देणगीत दुसरी चूक होते. पावती दिवंगत व्यक्तीच्या नावाने लिहिली जाते. पावती देणाऱ्याच्याच नावाने लिहावी आणि 'कै. ______ यांच्या स्मरणार्थ' हे शब्द कारणाच्या रकान्यात घालावेत. पैसे मुलाच्या यूपीआयवरून आले आणि पावती वडिलांच्या नावाने हवी असेल, तर नम्रपणे नकार द्यावा, कारण वजावट ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याची. पती-पत्नीच्या संयुक्त खात्यावरचा चेक असेल तर देणगी कोणाची, हे तिथेच विचारून त्याच व्यक्तीचा पॅन घ्यावा.

पॅन नसेल तर आधार, पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा शिधापत्रिका यांपैकी एकाचा क्रमांक १०-बीडीमध्ये चालतो. पण ज्यांना वजावट घ्यायची आहे त्यांचा पॅनच घ्यावा आणि कार्डाची छायाप्रत स्थळप्रतीला जोडावी. तोंडी सांगितलेल्या पॅनमध्ये 'ओ' हे अक्षर आणि शून्य यांची अदलाबदल फार होते. पॅनची रचना ठरलेली आहे: पहिली पाच अक्षरं, मग चार अंक आणि शेवटी एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर नेहमी 'पी' असतं. पावती फाडण्यापूर्वी एवढं पडताळलं तरी बरीचशी चूक टळते.

'कारण' या रकान्याचाही पुढे उपयोग होतो. देणगी कायम निधीसाठी आहे, विशिष्ट कामासाठी आहे की सर्वसाधारण, हे १०-बीडीमध्ये सांगावं लागतं. कायम निधी असेल तर तसं देणगीदाराने स्वतः लेखी द्यायला हवं. न्यासाने आपल्या मनाने पावतीवर 'कायम निधी' लिहून चालत नाही, कारण त्यावर न्यासाच्या स्वतःच्या करमाफीचा हिशेब ठरतो आणि ती रक्कम वेगळी गुंतवून ठेवावी लागते.

महसुली तिकिटाबद्दल सतत विचारणा होते. ५,००० रुपयांवरच्या पावतीला एक रुपयाचं तिकीट लागतं हे खरं, पण मोबदल्याशिवाय दिलेल्या रकमेच्या पावतीला भारतीय मुद्रांक कायद्यातच सूट आहे. देणगीत मोबदला नसतो, म्हणून तिकीट लावलं नाही तरी पावती पूर्ण वैध आहे.

तारीख: २९ मार्च की २ एप्रिल?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, आणि त्याचा फटका देणगीदाराला बसतो. चेक २९ मार्चच्या दुपारी हाती आला. रविवारी पाडवा आणि १ एप्रिलला बँकेचं वार्षिक कामकाज, त्यामुळे खात्यात रक्कम २ एप्रिलला जमा झाली. खजिनदाराने पासबुक पाहून पावतीवर २ एप्रिल घातला, तर देणगी २०२५-२६ मध्ये गेली. शिक्षकांनी मात्र ती २०२४-२५ चीच धरलेली आहे.

कायद्याचं तत्त्व जुनं आणि स्पष्ट आहे. चेक पुढे वटला, तर देणं चेक दिला त्या दिवशीच झालं असं धरतात. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली ज्या खटल्यात हे तत्त्व मांडलं तो आपल्याच मातीतला आहे, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या ओगले ग्लास वर्क्सचा. सरकारने पाठवलेल्या चेकचे पैसे कंपनीला कुठे मिळाले, असा तिथला वाद होता. त्या निकालाचा आधार आजही घेतला जातो.

तेव्हा पावतीवर २९ मार्च हीच तारीख येईल, त्याखाली 'चेक वटण्याच्या अधीन' हे शब्द येतील आणि कीर्दीतही नोंद २९ मार्चलाच होईल. ३१ मार्चच्या बँक जुळवणीपत्रकात हा चेक 'जमा केला, पण वटला नाही' या यादीत दिसेल. लेखापरीक्षकाला तेच हवं असतं. मात्र ३१ मार्चनंतर हाती आलेल्या चेकवर मार्चची तारीख आहे म्हणून पावतीही मार्चची द्या, असा आग्रह कोणी धरला तर ते होणार नाही. चेक न्यासाच्या हाती कधी आला, हेच पाहिलं जातं. बँक हस्तांतर आणि यूपीआयमध्ये हा प्रश्न येत नाही. रक्कम खात्यात आली तीच पावतीची तारीख, आणि व्यवहार क्रमांक पावतीवर उतरवावा.

चेक वटलाच नाही तर पावती रद्द करावी. मूळ प्रत परत मागवून स्थळप्रतीला टाचावी आणि दोन्हींवर 'रद्द' लिहून सही करावी. तिचा क्रमांक दुसऱ्या कोणाला देऊ नये.

आभारपत्र

पावती हातोहात द्यावी. पत्र चेक वटल्यावर पाठवावं, म्हणजे त्यात रक्कम जमा झाल्याचं खात्रीने लिहिता येतं. पत्राला जावक क्रमांक द्यावा. मजकूर साधारण असा:

> जा. क्र. ______ दि. ५ एप्रिल २०२५
>
> मा. श्री. ______ यांस,
> सप्रेम नमस्कार.
>
> कै. सौ. ______ यांच्या स्मरणार्थ आपण वाचनालयाच्या अभ्यासिकेसाठी दि. २९ मार्च २०२५ रोजी चेक क्र. ______ द्वारे दिलेली रु. ५१,०००/- (अक्षरी रुपये एक्कावन्न हजार फक्त) ही देणगी संस्थेच्या खात्यात जमा झाली आहे. तिची पावती क्र. ______ आपणास दिलेली आहे. या रकमेतून अभ्यासिकेसाठी टेबलं व खुर्च्या घेण्यात येतील.
>
> संस्थेला प्राप्तिकर कायदा १९६१ च्या कलम ८०-जी खाली मान्यता आहे (यूआरएन ______, मुदत ______ पर्यंत). आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या देणग्यांचं विवरणपत्र भरल्यानंतर आपणास फॉर्म १०-बीई हे प्रमाणपत्र ३१ मे २०२५ पर्यंत पाठवू. आपल्या प्राप्तिकर विवरणपत्रात वजावट घेताना कृपया या प्रमाणपत्रावरील क्रमांक वापरावा. पावतीवरील आपलं नाव, पॅन व पत्ता तपासून काही दुरुस्ती असल्यास ३० एप्रिलपूर्वी कळवावी.
>
> आपल्या या सहकार्याबद्दल विश्वस्त मंडळ आपलं मनःपूर्वक आभारी आहे.
>
> आपला,
> कार्यवाह

या पत्रातलं सगळ्यात उपयोगी वाक्य दुरुस्तीचं आहे. देणगीदार पत्र वाचतो तेव्हा पॅनमधली चूक त्याच्या लक्षात येते, आणि १०-बीडी भरायला अजून वेळ असतो. पत्रात 'आपली देणगी करमुक्त आहे' किंवा 'शंभर टक्के सूट' असं लिहू नये. अशा सर्वसाधारण न्यासाला दिलेल्या देणगीवर पन्नास टक्के वजावट मिळते, तीही मर्यादेत, आणि ती मिळणं न मिळणं देणगीदाराच्या करव्यवस्थेवर असतं. न्यासाने सांगायचं ते आपल्या मान्यतेपुरतं.

एप्रिल-मे: फॉर्म १०-बीडी आणि १०-बीई

वर्ष संपलं की पावतीबुकावरून देणग्यांची यादी करावी. विवरणपत्र प्राप्तिकराच्या पोर्टलवर न्यासाच्या लॉगिनमधून भरतात. मार्ग असा:

```
e-File > Income Tax Forms > File Income Tax Forms > Form 10BD
```

तिथून साचा उतरवून घ्यावा, प्रत्येक देणगीची ओळख, नाव, पत्ता, प्रकार, पैसे मिळण्याची पद्धत आणि रक्कम त्यात भरावी, फाइल परत चढवावी आणि विश्वस्तांच्या डिजिटल सहीने किंवा ओटीपीने पडताळणी करावी. शेवटची तारीख ३१ मे.

चढवण्यापूर्वी एक बेरीज आवर्जून करावी. यादीतल्या देणग्यांची एकूण रक्कम आणि खतावणीतल्या देणगी खात्याची रक्कम यांत फरक असेल, तर तो फरक नावानिशी सांगता आला पाहिजे. दानपेटीतली रक्कम, वस्तुरूप देणग्या, न वटलेला चेक, अशी कारणं असू शकतात. कारण सापडत नसेल तर एखादी पावती राहिलेली आहे, असं समजावं.

भरल्यानंतर सुमारे २४ तासांनी पोर्टलवर प्रत्येक देणगीदाराचं १०-बीई तयार होतं. ते उतरवून ई-मेलने किंवा छापून पाठवावं. त्यावर देणगीची तारीख नसते, फक्त आर्थिक वर्ष, रक्कम आणि देणगीचा प्रकार असतो. म्हणूनच वर दिवसाची एवढी चर्चा केली. तिथे '२०२५-२६' असं वर्ष छापलं गेलं की देणगीदाराची जुनी पावती त्याच्या मदतीला येत नाही. चूक सापडली तर सुधारित १०-बीडी भरता येतं आणि दुरुस्त प्रमाणपत्र निघतं. देणगीदाराने आपलं प्राप्तिकर विवरणपत्र भरण्याआधी ते झालं पाहिजे.

३१ मे उलटला तर न्यासाला दर दिवशी २०० रुपये विलंब शुल्क लागतं, आणि विवरणपत्र भरलंच नाही तर १०,००० ते १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. माझ्या मते त्याहून मोठं नुकसान देणगीदाराचं आहे. त्याने सद्भावनेने दिलेलं असतं, आणि नोटीस मात्र त्याच्या घरी जाते.

शिक्षकांच्या हाती काय पडलं

त्यांचं २०२४-२५ चं एकूण उत्पन्न ९,६०,००० रुपये आणि ८०-सी, ८०-डी वगैरे इतर वजावटी १,६०,००० रुपये. दोन्हींचा फरक ८,००,०००, त्याचे दहा टक्के ८०,०००. एवढ्या रकमेपर्यंतची देणगी हिशेबात धरली जाते. ५१,००० त्याच्या आत आहेत, म्हणून निम्मे, म्हणजे २५,५०० रुपये वजावट. त्यांचं उत्पन्न वीस टक्क्यांच्या टप्प्यात येतं. उपकर धरून कर वाचला ५,३०४ रुपये. त्यांनी १ लाख दिले असते तर फक्त ८०,००० धरले गेले असते आणि वजावट ४०,००० ची झाली असती.

हे सगळं जुन्या करव्यवस्थेत. २०२३-२४ पासून नवी व्यवस्था आपोआप लागू होते आणि तिच्यात ही वजावट नाही. ज्याने जुनी निवडली नाही, त्याच्यासाठी १०-बीई हा नोंदीपुरता कागद राहतो. 'पावती दिली पण सूट मिळाली नाही' असं कोणी म्हणाला, तर आधी कोणती व्यवस्था निवडली ते विचारावं. नंतर १०-बीईवरचा क्रमांक विवरणपत्राच्या ८०-जी परिशिष्टात भरला होता का, ते पाहावं.

परदेशातून आलेली देणगी

गावाकडच्या वाचनालयाला पुणे-मुंबईइतकीच मदत अमेरिका, ब्रिटन आणि आखातातूनही येते. देणारा परदेशात राहत असला तरी भारतीय नागरिक असेल, तर त्याची देणगी परकीय ठरत नाही. पासपोर्टची प्रत ठेवून नेहमीसारखी पावती द्यावी. त्याने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ओसीआय कार्ड असलं तरी ती परकीय देणगी होते. परकीय देणग्यांच्या एफसीआरए कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी आणि तिच्यासाठीचं दिल्लीतलं ठरलेलं स्टेट बँकेचं खाते नसेल, तर ती घेता येत नाही. पैसे आल्यावर हे कळण्यापेक्षा खाते क्रमांक देण्याआधीच नागरिकत्व विचारावं.

नवं पावतीबुक छापताना

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू आहे आणि ही वजावट तिथे कलम १३३ मध्ये आहे. त्या तारखेनंतरच्या देणग्यांच्या पावत्यांवर आणि पत्रांत नवं कलम यायला हवं, आणि फॉर्मचे क्रमांक नव्या नियमांप्रमाणे पोर्टलवर पाहून घालावेत. पावतीबुकं एकदम शंभर छापू नयेत. कलम, यूआरएन आणि मुदत यांचा रबरी शिक्का करून घ्यावा, म्हणजे मान्यतेचं नूतनीकरण झालं तरी फक्त शिक्का बदलावा लागतो. स्थळप्रती, पॅनच्या छायाप्रती आणि पत्रांच्या जावक नकला वर्षवार बांधून किमान दहा वर्षं जपाव्यात. न्यासांच्या हिशेबपुस्तकांसाठी प्राप्तिकर नियमांनी तेवढीच मुदत घातलेली आहे आणि ती त्या वर्षाचं करनिर्धारण वर्ष संपल्यापासून मोजतात.